सल्लागाराचं एंगेजमेंट लेटर: काम मध्येच थांबलं तर पैसे कुणाचे आणि काम कुणाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सल्लागारांसाठी आणि त्यांना काम देणाऱ्या लहान कारखान्यांसाठी अशी पत्रं लिहायचं आणि तपासायचं काम मी करते. प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात. काम सुरळीत पार पडलं तर पत्र पुन्हा कुणी उघडत नाही. ते उघडलं जातं काम अर्ध्यावर तुटल्यावर, आणि तेव्हाच लक्षात येतं की शुल्काचं कलम, मालकीचं कलम आणि काम थांबवण्याचं कलम यांचा एकमेकांशी काही मेळच नाही. म्हणून खालचे प्रश्न निवडताना हाच मुद्दा धरला आहे. सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण वापरलंय. ते हिशेब समजावा म्हणून रचलेलं आहे: भोसरी एमआयडीसीतला शीटमेटलचा एक कारखाना आणि त्याची उत्पादनपद्धत सुधारून देणारी एक सल्लागार अभियंता.

१. एंगेजमेंट लेटर म्हणजे नेमणूकपत्रच ना?

नाही, आणि पत्राला ते नावही देऊ नका. नेमणूकपत्र नोकराला देतात. सल्लागार नोकर नसतो. ठरलेलं काम, ठरलेल्या मोबदल्यात, स्वतःच्या पद्धतीने करून देतो. या फरकाचा सगळ्यात मोठा परिणाम मालकीवर होतो. नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट आपोआप मालकाकडे जातो, सल्लागाराच्या बाबतीत तसं होत नाही (प्रश्न ७ पाहा). 'हजेरी', 'रजा', 'मासिक वेतन' असे शब्द नोकरीच्या पत्रातून उचलून इथे आणले, तर उद्या वादात दोन्ही बाजूंना त्यांचा त्रास होतो.

२. व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके मॅडम, सोमवारपासून सुरू करा" एवढंच आलंय. करार झाला का?

काम काय आणि पैसे किती हे आधीच्या मेसेजमधून किंवा ईमेलमधून स्पष्ट होत असेल, तर बहुधा झाला. भारतीय करार कायदा, १८७२ करार कागदावरच हवा असं म्हणत नाही आणि इलेक्ट्रॉनिक करारांना माहिती तंत्रज्ञान कायद्यानेही मान्यता दिली आहे. अगदी काहीच ठरलेलं नसलं, तरी तुम्ही फुकट करायच्या हेतूने काम केलेलं नाही आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला, तर करार कायद्याच्या कलम ७० खाली वाजवी मोबदला मागता येतो.

पण अशा मेसेजने पैसे मागता आले, तरी मालकी हलत नाही. कॉपीराइटच्या हस्तांतराला लेखी आणि सही केलेला दस्तऐवज लागतो. म्हणून घाईने काम सुरू झालंच असेल, तर पहिला टप्पा द्यायच्या आत पत्रावर दोघांच्या सह्या करून घ्या. पत्र मराठीत असलं तरी पूर्ण चालतं. सही करणाऱ्याला समजेल अशा भाषेत लिहिलेलं पत्र मला केव्हाही बरं वाटतं.

३. डिलिव्हरेबल किती बारकाईने लिहायचे?

डिलिव्हरेबल म्हणजे सल्लागाराने तयार करून द्यायच्या गोष्टी. ते मोजता येतील इतके. "उत्पादनक्षमता वाढवण्यासाठी मार्गदर्शन" हे डिलिव्हरेबल नव्हे. ते झालं की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही. आपल्या उदाहरणात पत्रात पाच गोष्टी आहेत: सध्याच्या स्थितीचा अहवाल, शॉपफ्लोअरच्या नव्या मांडणीचं ड्रॉइंग, २२ ऑपरेशन्सच्या मराठीतल्या वर्क इन्स्ट्रक्शन, उत्पादन नियोजनाची एक्सेल शीट आणि ऑपरेटरांचं प्रशिक्षण.

यातला "२२" हा आकडा फार मोलाचा आहे. तो असल्यामुळे २३वी मागितली तर जादा पैसे मागता येतात आणि काम १४वर थांबलं तर चौदाचा हिशेब करता येतो. प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणत्या रूपात द्यायची (पीडीएफ की बदल करता येईल अशी फाइल), किती वेळा दुरुस्ती करून द्यायची (दोनदा पुरेशी असते) आणि कारखान्याने काय पुरवायचं हेही लिहा. सायकल टाइमचे आकडे कारखान्याने महिनाभर दिलेच नाहीत, तर उशीर सल्लागाराचा धरायचा नाही, हे वाक्य पत्रात नसलं की भांडण तिथूनच सुरू होतं.

४. शुल्काचे टप्पे महिन्यांवर बांधावेत की कामावर? आणि अ‍ॅडव्हान्सचं काय?

डिलिव्हरेबल मोजता येत असतील तर कामावर. आपल्या पत्रात एकूण शुल्क ६,००,००० रुपये अधिक जीएसटी असं आहे. त्यात अहवालाला १,००,०००, ड्रॉइंगला १,८०,०००, वर्क इन्स्ट्रक्शनला १,७६,००० (प्रत्येकी ८,०००), एक्सेल शीटला ८४,००० आणि प्रशिक्षणाला ६०,००० अशी किंमत लावली आहे. "पहिला टप्पा ३० टक्के, दुसरा ४० टक्के" असं मोघम लिहिण्यापेक्षा हे चांगलं, कारण प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची किंमत मिळते. पुढचा सगळा हिशेब यावरच उभा राहतो.

सहीच्या वेळी १,२०,००० रुपये अ‍ॅडव्हान्स, म्हणजे २० टक्के. तो प्रत्येक बिलातून २० टक्के असा वळता होईल, हे लिहिलेलं आहे. हे लिहिलं नाही, तर कारखाना समजतो की सगळा अ‍ॅडव्हान्स पहिल्याच बिलातून जाईल आणि सल्लागार समजते की शेवटच्या. सल्लागार जीएसटीत नोंदलेली असेल तर सेवेच्या अ‍ॅडव्हान्सवरही जीएसटी भरावा लागतो, त्यामुळे अ‍ॅडव्हान्स मागतानाच तो कर धरून मागा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने नोंदणी केलेली नसेल, तर जीएसटी लावता येत नाही.

५. क्लायंट अहवाल घेतो आणि गप्प बसतो. मान्य झाला असं धरायचं का?

पत्रात लिहिलेलं असेल तरच. गप्प राहणं म्हणजे होकार, असा कायद्याचा सर्वसाधारण नियम नाही. मी हे वाक्य वापरते:

> "डिलिव्हरेबल ईमेलने मिळाल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत लेखी आणि नेमके आक्षेप न कळवल्यास ते स्वीकारले असे मानले जाईल व त्या टप्प्याचे बिल देय होईल."

"नेमके" हा शब्द गाळू नका. "साहेबांना तितकंसं पटलं नाही" हा आक्षेप होत नाही; "ऑपरेशन ९ मध्ये प्रेसचा टनेज चुकला आहे" हा होतो.

६. कारखाना म्हणतो, आमच्याकडे पेमेंट ९० दिवसांनीच होतं. मान्य करावं का?

तुमची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर ९० दिवस लिहूनही ते टिकत नाहीत. २००६च्या एमएसएमईडी कायद्यानुसार खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे असतात आणि ही तारीख ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. तारीखच ठरलेली नसेल तर मुदत १५ दिवसांची. ती उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं.

एवढं सांगूनही खरेदी विभाग हलत नाही. कारखान्याच्या सीएशी बोला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. उद्यम नोंदणी मोफत आहे. ती पत्रावर सही करण्याच्या आत करा आणि क्रमांक पत्रातच टाका. नंतर केलेल्या नोंदणीचा आधीच्या करारासाठी उपयोग होईल यावर विसंबू नका.

दिवस मोजायला कुठून लागायचं, हा प्रश्न स्वीकृतीशी जोडलेला आहे. माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर मिळाल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस असं हा कायदा धरतो. म्हणून प्रत्येक डिलिव्हरेबल तारीख दिसेल असं ईमेलनेच पाठवा. पेनड्राइव्ह हातात देऊन आलात तर तारीख कशी सिद्ध करणार?

७. आम्ही पैसे मोजले, मग काम आमच्याच मालकीचं झालं ना?

कारखानदारांकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून त्यांना धक्का बसतो. आपोआप होत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७चं कलम १७ सांगतं की पहिला मालक म्हणजे लेखक, म्हणजे ज्याने मजकूर लिहिला किंवा ड्रॉइंग काढलं तो. नोकरीत केलेलं काम हा त्याला अपवाद आहे. सल्लागाराकडून पैसे देऊन करून घेतलेल्या अहवालाला किंवा मॅन्युअलला तो लागू होत नाही. पत्रात मालकीबद्दल एक अक्षरही नसेल, तर ज्या कामासाठी पैसे दिले त्या कामापुरती वापरायची मुभा कारखान्याला आहे, असा युक्तिवाद करता येईल. पण तेच मॅन्युअल चाकणच्या दुसऱ्या युनिटला किंवा व्हेंडरला द्यायचं ठरलं की वाद उभा राहतो.

त्यामुळे हस्तांतर लिहावं लागतं, आणि नुसतं "सर्व हक्क कारखान्याचे" लिहून भागत नाही. कलम १९ प्रमाणे कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहावं लागतं. काळ लिहिला नाही तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. तिसरी तरतूद फारच थोड्यांना माहीत असते: मिळालेला हक्क एका वर्षात वापरलाच नाही, तर त्या हक्काचं हस्तांतर संपतं. पत्रात वेगळं लिहिलं असेल तरच ते टळतं. म्हणून कारखान्याच्या बाजूने पत्र लिहिताना मी "कायमस्वरूपी, जगभरासाठी, आणि एक वर्षाच्या आत वापर झाला नाही तरीही" हे शब्द घालते. सल्लागारांनी या शब्दांना घाबरू नये. ज्या कामाचे पूर्ण पैसे घेतले, ते पूर्ण द्यावं.

लेखक म्हणून नाव राहण्याचा आणि काम विद्रूप करून आपल्या नावाला बाधा आणू न देण्याचा कलम ५७चा हक्क मात्र हस्तांतरानंतरही लेखकाकडे राहतो.

८. "पूर्ण पैसे मिळाल्यावर मालकी जाईल" असं लिहिलंय. पुरेसं आहे का?

काम पूर्ण झालं तर आहे, अर्ध्यावर थांबलं तर नाही. "पूर्ण" म्हणजे कशाचे? सहा लाखांचे, की त्या टप्प्याचे? अहवालाचे पैसे देऊन झालेत आणि काम तिसऱ्या टप्प्यात तुटलं, तर पहिल्या अर्थाने कारखाना पैसे दिलेल्या अहवालाचाही मालक होत नाही. ते अन्यायाचं आहे. मी असं लिहिते:

> "प्रत्येक डिलिव्हरेबलवरील कॉपीराइट, त्या डिलिव्हरेबलचे शुल्क पूर्ण मिळाल्याच्या दिवशी, कायमस्वरूपी व जगभरासाठी कारखान्याकडे हस्तांतरित होईल, त्यानंतर एक वर्षात वापर झाला नाही तरी हे हस्तांतर कायम राहील. तोपर्यंत कारखान्याला ते फक्त तपासणीसाठी वापरता येईल."

टप्प्यांना वेगळी किंमत नसेल तर हे वाक्य निरुपयोगी ठरतं. प्रश्न ४ मध्ये त्यासाठीच एवढा वेळ घेतला.

९. माझे दहा वर्षांचे फॉर्मॅट आणि चेकलिस्ट मी या कामात वापरते. तेही क्लायंटचे होतील?

पत्राने ते बाजूला काढले नाहीत तर तसा दावा होऊ शकतो. आधीपासूनच्या साहित्याची यादी जोडपत्रात द्या आणि लिहा की ते तुमचंच राहील. डिलिव्हरेबलमध्ये ते जितकं मिसळलं आहे तितकं वापरण्याचा कायमचा विनामूल्य परवाना कारखान्याला राहील. उलट बाजूने, कारखान्याचे सायकल टाइम, रिजेक्शनचे आकडे आणि ग्राहकांची ड्रॉइंग कारखान्याचीच, आणि ती गोपनीय.

१०. ड्रॉइंग देऊन बसले, त्यांनी त्याप्रमाणे मशिनही हलवली, पैसे मात्र नाहीत. मालकी माझ्याकडेच आहे ना?

आहे, पण तुम्हाला वाटते तेवढी ती कामाची नाही. कॉपीराइट ड्रॉइंगला मिळतो, कल्पनेला मिळत नाही. "प्रेस आणि वेल्डिंग एका ओळीत आणा, मधलं स्टोअर काढून टाका" ही कल्पना एकदा कळली की ती कळली. मशिन पुन्हा जुन्या जागी हलवायला लावता येत नाही. ड्रॉइंगच्या प्रती वापरू नका एवढं सांगता येईल, आणि पैशांचा दावा अर्थातच राहतो.

त्यामुळे ज्या कामाची खरी किंमत त्यातल्या कल्पनेत आहे, तिथे मालकीच्या कलमावर भरवसा ठेवू नका. हातात काय द्यायचं त्याचा क्रम नीट लावा. तपासणीसाठी "मसुदा" असा शिक्का असलेली, मापं नसलेली पीडीएफ द्या. मापांसकट अंतिम ड्रॉइंग आणि बदल करता येणारी फाइल त्या टप्प्याचे पैसे आल्यावर. हा क्रम पत्रातच लिहा, म्हणजे कारखान्याला तो अविश्वास वाटणार नाही. वर्क इन्स्ट्रक्शन किंवा मॅन्युअलच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे: तिथे मजकुरालाच किंमत असते, त्यामुळे मालकीचं कलम चांगलं काम करतं.

११. काम थांबवण्याची नोटीस किती दिवसांची ठेवावी?

चार-सहा महिन्यांच्या कामाला, कारण न देता थांबवायचं असेल तर दोन्ही बाजूंना १५ दिवस पुरतात. चूक झाली म्हणून थांबवायचं असेल, तर आधी चूक लेखी कळवून ती सुधारायला १० ते १५ दिवस द्या आणि सुधारली नाही तरच थांबवा. नोटीस कोणत्या ईमेलवर पाठवायची आणि नोटिशीच्या काळात नवं काम सुरू करायचं की हातातलंच पूर्ण करायचं, हे दोन्ही लिहा. पैसे, मालकी, गोपनीयता आणि वाद सोडवण्याची कलमं पत्र संपल्यावरही चालू राहतील, हेही.

१२. मध्येच थांबलं तर हिशेब नेमका कसा करायचा?

उदाहरण पुढे नेऊ. अहवाल दिला, स्वीकारला गेला, पैसे आले. ड्रॉइंग दिलं, सात दिवसांत आक्षेप आला नाही, बिल पाठवलं, पैसे आलेले नाहीत. २२ पैकी १४ वर्क इन्स्ट्रक्शन दिल्या आणि त्या स्वीकारल्याही गेल्या. एक्सेल शीट सल्लागाराच्या लॅपटॉपवर अर्धवट आहे. या वेळी कारखान्याने १५ दिवसांची नोटीस दिली.

आधी झालेलं काम मोजा. अहवाल १,००,०००, ड्रॉइंग १,८०,०००, चौदा वर्क इन्स्ट्रक्शनचे १,१२,०००, एकूण ३,९२,०००. मग मिळालेले पैसे मोजा. अ‍ॅडव्हान्स १,२०,००० आणि अहवालाच्या बिलातून २० टक्के वळते होऊन आलेले ८०,०००, एकूण २,००,०००. बाकी १,९२,०००. ड्रॉइंगचं १,४४,०००चं बिल याच हिशेबात येऊन गेलं, ते वेगळं मोजायचं नाही. काम थांबल्यावर उरलेला सगळा अ‍ॅडव्हान्स झालेल्या कामातच वळता होतो.

अ‍ॅडव्हान्सवरचा जीएसटी आधीच दिलेला आहे असं धरू. १,९२,०००वर १८ टक्के म्हणजे ३४,५६० जीएसटी. बिलात जीएसटी वेगळा दाखवला की टीडीएस फक्त शुल्कावर कापला जातो. १० टक्के धरले तर १९,२००. हातात २,०७,३६० रुपये. (सेवा व्यावसायिक की तांत्रिक यावर टीडीएस १० किंवा २ टक्के ठरतो. त्यावर भांडण नको, कापलेली रक्कम सल्लागाराच्या करात जमा होतेच.)

राहिली एक्सेल शीट. पत्रात "अर्धवट, न दिलेल्या डिलिव्हरेबलचे शुल्क नाही आणि त्यावर कारखान्याचा हक्कही नाही" असं असेल, तर ती सल्लागाराकडे राहते. कारखान्याला ती हवीच असेल तर किंमत ठरवून घ्यावी. माझ्या मते दोघांनाही सोपा असा हाच नियम आहे. आणि ही १,९२,०००ची बाकी मिळाली, की ड्रॉइंग आणि चौदाही वर्क इन्स्ट्रक्शन कारखान्याच्या.

१३. आणि सल्लागारच मध्ये सोडून गेली तर? दंड लावता येईल का?

झालेल्या, स्वीकारलेल्या कामाचे पैसे तरीही द्यावे लागतात. उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेताना जादा खर्च आला, तर तो मागता येतो. दंडाची मोठी रक्कम आधीच लिहून ठेवली, तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. "सोडल्यास सर्व शुल्क परत" हे कलम घाबरवायला बरं, वसुलीला कच्चं. त्यापेक्षा मूळ फाइल्स आणि नोंदी दहा दिवसांत सुपूर्द करण्याचं कलम कारखान्याच्या जास्त कामी येतं.

१४. "पुढची दोन वर्षं दुसऱ्या शीटमेटल कारखान्यासाठी काम करणार नाही" असं लिहून मागतात.

पत्र चालू असेपर्यंत असं बंधन घालता येतं. ते संपल्यावरचं बंधन करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. कारखान्याची खरी भीती त्यांचे आकडे शेजाऱ्याकडे जातील ही असते, आणि त्यासाठी गोपनीयतेचं कलम आहे.

१५. स्टॅम्प पेपरवरच हवं का?

मुद्रांक शुल्क भरा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा दस्तांना १०० रुपयांच्या जागी किमान ५०० रुपये लागतात. मोठ्या रकमेच्या करारावर ते रकमेच्या प्रमाणात लागू शकतं, तेव्हा आधी विचारून घ्या. मुद्रांक नसला म्हणून करार रद्द होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने हा दुरुस्त करता येणारा दोष आहे असं सांगितलं. पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत ते पत्र पुरावा म्हणून पुढे करता येत नाही.

१६. लवाद क्लायंटचे संचालक नेमतील, असं कलम आहे. सही करू?

बदलून घ्या. एका बाजूने एकट्याने लवाद नेमणं आता न्यायालयात टिकत नाही. "दोघांच्या संमतीने एक लवाद, स्थान पुणे" एवढं पुरतं.

१७. ड्रॉइंग मी एका फ्रीलान्स ड्राफ्ट्समनकडून काढून घेतलं. त्याची मालकी मी देऊ शकते का?

त्याच्याकडून तुम्ही ती लेखी घेतली असेल तरच. प्रश्न ७चा नियम इथेही तसाच लागतो: तो तुमचा नोकर नाही, म्हणून ड्रॉइंगचा पहिला मालक तोच. तुम्ही कारखान्याला कितीही ठामपणे हस्तांतर लिहून दिलंत, तरी जे तुमच्याकडे नाही ते देता येत नाही. त्याच्याकडून काम घेतानाच एका पानाचं हस्तांतरपत्र सही करून घ्या, त्यात काळ, प्रदेश आणि एक वर्षाची ओळ घाला. त्याचे पैसे कारखान्याचे पैसे येण्याची वाट न पाहता द्या. नाहीतर कारखान्याने तुमचं बिल चुकतं केलं, तरी ड्रॉइंग अडकलेलं राहतं ते तुमच्यामुळे.